राउटरचे दार बाहेरून बंद आहे का? रिमोट मॅनेजमेंट बंद करण्याची आणि त्याची खात्री करण्याची पद्धत

जुलै २०१७ च्या अखेरीस देशातील बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या अनेक ब्रॉडबँड ग्राहकांचे इंटरनेट अचानक बंद पडले. केबल तुटली नव्हती की एक्स्चेंजमध्ये बिघाड नव्हता. बिघडले होते ते घराघरांतील मोडेम. माध्यमांतील वृत्तांनुसार बाधित मोडेमची संख्या ६० हजारांच्या वर होती. ‘ब्रिकरबॉट’ नावाचा मालवेअर बनवणाऱ्याने हे आपलेच काम असल्याचा दावा नंतर केला. ज्या मोडेममध्ये ‘admin’ हा कंपनीतून आलेला पासवर्ड बदललाच नव्हता, ते प्रामुख्याने याला बळी पडले. कंपनीने त्यानंतर ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन केले.

या घटनेची आठवण निघाली की चर्चा बहुतेकदा पासवर्डवर थांबते. पण त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे. घरातल्या मोडेमच्या लॉगिनपर्यंत बाहेरचा माणूस पोहोचलाच कसा? दारापर्यंत येताच आले नाही, तर कुलूप कच्चे आहे की पक्के हे तपासण्याची संधीही त्याला मिळत नाही. म्हणूनच रिमोट मॅनेजमेंट बंद करणे, आणि ते खरोखर बंद झाले आहे हे बाहेरून पाहणे, ही दोन कामे एकत्र करायची असतात. पहिले काम दोन मिनिटांचे आहे. चुका होतात त्या दुसऱ्या कामात.

रिमोट मॅनेजमेंट म्हणजे नेमके काय?

प्रत्येक राउटरच्या आत एक छोटी वेबसाइट असते. घरातल्या वायफायवरून ब्राउझरमध्ये `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` टाकले की ती उघडते. वायफायचे नाव, पासवर्ड, इंटरनेटची जोडणी हे सारे तिथूनच ठरते. याला ॲडमिन पेज म्हणतात.

राउटरला दोन बाजू असतात. एक घराकडची, म्हणजे लॅन. दुसरी इंटरनेटकडची, म्हणजे वॅन. ॲडमिन पेज फक्त लॅनच्या बाजूने उघडावे, अशी अपेक्षा असते. रिमोट मॅनेजमेंट चालू केले की तेच पेज वॅनच्या बाजूनेही उघडते. मग राउटरचा सार्वजनिक आयपी पत्ता ज्याला सापडेल, त्याला जगात कुठूनही लॉगिनचा चौकोन दिसतो. पत्ता सापडणेही कठीण नाही. इंटरनेटवरचे आयपी पत्ते एकामागून एक चाचपणारे प्रोग्रॅम अखंड चालू असतात. त्यांना कोणाचे नाव-गाव माहीत असण्याची गरज नसते.

हे चालू कोण करते?

एक उदाहरण घेऊ. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ बपेरा हे गाव आहे. समजा, अशा गावात एक ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा काढणे, धान विक्रीची नोंदणी, दाखल्यांचे अर्ज, बँकेचे किरकोळ व्यवहार अशी कामे तिथे दिवसभर चालतात. फायबरची जोडणी स्थानिक ऑपरेटरकडून घेतलेली आहे. एकदा नेट बंद पडले तेव्हा तंत्रज्ञाला तुमसरहून यावे लागले. पुन्हा फेरा नको म्हणून त्याने राउटरमध्ये रिमोट मॅनेजमेंट चालू करून ठेवले आणि पोर्ट दिला `8080`. पुढच्या वेळी त्याने तुमसरहूनच दुरुस्ती केली. केंद्रचालकही खूश झाला. ते चालू राहिले आहे, हे मात्र दोघेही विसरले.

यात कुणाचाही वाईट हेतू नाही. पण आता तेच पेज तुमसरच्या तंत्रज्ञाप्रमाणे इतर कुणालाही दिसते. आत शिरलेला माणूस वायफायचा पासवर्ड पाहतो, एवढेच नाही. तो राउटरमधील डीएनएस सर्व्हर बदलू शकतो. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी यादी. ती यादी बदलली की अक्षर न् अक्षर बरोबर टाइप केलेले नाव दुसऱ्याच सर्व्हरवर नेता येते. ब्राउझर तिथे सुरक्षा प्रमाणपत्राचा इशारा दाखवू शकतो, पण गर्दीच्या वेळी तो न वाचताच पुढे जाणारे बरेच असतात. ज्या केंद्रात दिवसभर लोकांचे आधार क्रमांक आणि ओटीपी टाकले जातात, तिथे हा धोका एका घरापुरता राहत नाही.

आधी पत्ता तपासा

सेटिंग बदलण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी लागते. राउटरला खरा सार्वजनिक आयपी पत्ता आहे का? ॲडमिन पेजवर `Status` किंवा `Internet` या भागात `WAN IP` असा आकडा दिसतो. तो कागदावर लिहून घ्यावा. मग त्याच वायफायवरून ब्राउझरमध्ये ‘what is my ip’ असे शोधावे. बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता तिथे कळतो.

दोन्ही आकडे सारखे असतील, तर राउटर थेट इंटरनेटवर आहे. उदाहरणातील केंद्रात दोन्हीकडे `203.0.113.45` दिसला असे धरू.

आकडे वेगळे असतील, तर मध्ये आणखी कोणीतरी आहे. `WAN IP` हा `192.168` ने सुरू होत असेल, तर बहुधा घरातच दुसरा डबा आहे. फायबर ज्यात शिरते तो ऑपरेटरचा डबा पुढे आणि स्वतः विकत घेतलेला राउटर मागे, अशी ही रचना असते. अशा वेळी इंटरनेटला तोंड पुढच्या डब्याचे असते, म्हणून त्याचेही ॲडमिन पेज तपासावे लागते. आकडा `10.` ने किंवा `100.64` ते `100.127` या दरम्यानच्या जोडीने सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला असतो. याला सीजीनॅट म्हणतात.

सीजीनॅटमागच्या राउटरपर्यंत जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातून थेट पोहोचता येत नाही. पण म्हणून रिमोट मॅनेजमेंट चालू ठेवणे बरोबर नाही. त्याच ऑपरेटरच्या जाळ्यातील दुसरा ग्राहक, म्हणजे कदाचित शेजारच्या गल्लीतला किंवा शेजारच्या गावातला कोणी, आतल्या पत्त्यावरून ते पेज उघडू शकतो. ऑपरेटरने ग्राहकांना एकमेकांपासून वेगळे ठेवले आहे की नाही, हे घरबसल्या कळत नाही. शिवाय उद्या कंपनीने सार्वजनिक पत्ता दिला, तर विसरलेली सेटिंग त्याच क्षणी उघडी पडते.

बंद करण्याआधी एकदा उघडून पाहा

कोणताही बदल करण्याआधी बाहेरून चाचणी घ्यावी. कारण सोपे आहे. बंद केल्यानंतर पेज उघडले नाही, तर त्याचे दोन अर्थ निघतात. दार बंद झाले, किंवा चाचणीच चुकीच्या पत्त्यावर झाली. आधी उघडलेले आणि नंतर न उघडलेले, असे दोन्ही पाहिले की शंका उरत नाही.

चाचणी मोबाइल डेटावरून घ्यायची. फोनचे वायफाय पूर्ण बंद करावे. शक्यतो घरच्या इंटरनेटपेक्षा वेगळ्या कंपनीचे सिम वापरावे, म्हणजे चाचणी खरोखर बाहेरून होते. मग ब्राउझरमध्ये पत्ता आणि पोर्ट टाकावा:

```
http://203.0.113.45:8080
```

उदाहरणातील केंद्रात इथे राउटरचे लॉगिन पेज दिसते. म्हणजे दार उघडे आहे. ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा आला, तरी अर्थ तोच. इशारा द्यायला समोरून कोणीतरी उत्तर दिलेले असते.

इथे एक नेहमीची चूक होते. हीच चाचणी घरातल्या वायफायवरून केली, तर अनेक राउटर आपलाच सार्वजनिक पत्ता ओळखून आतूनच ॲडमिन पेज दाखवतात. बाहेरून दार बंद असले तरी ते उघडे भासते. उलट काही राउटर आतून असे करू देत नाहीत आणि दार उघडे असूनही बंद वाटते. म्हणून घरातल्या वायफायवरून घेतलेल्या या चाचणीचा निकाल कोणत्याही बाजूने धरू नये.

बंद कुठून करायचे?

सेटिंगचे नाव कंपनीनुसार बदलते. टीपी-लिंकच्या नव्या राउटरमध्ये `Advanced` खाली `System` आणि मग `Administration` मध्ये `Remote Management` सापडते. नेटगिअरमध्ये ते `Advanced Setup` खाली असते. आसूसमध्ये `Administration` मधील `System` या पानावर `Enable Web Access from WAN` असा प्रश्न असतो. तिथे `No` निवडायचे.

टीपी-लिंकच्या जुन्या, हिरव्या रंगाच्या पानांत मात्र चालू-बंदचे बटणच नसते. तिथे `Remote Management IP Address` असा रकाना असतो. त्यात `0.0.0.0` असेल, तर सुविधा बंद आहे. `255.255.255.255` असेल, तर ती जगातील सर्वांसाठी उघडी आहे. मोठा आकडा पाहून तो कडक बंदोबस्त वाटू शकतो, पण अर्थ नेमका उलटा आहे.

ऑपरेटरने दिलेल्या फायबरच्या डब्यात ‘रिमोट मॅनेजमेंट’ हे शब्द अनेकदा दिसतच नाहीत. तिथे `ACL`, `Access Control` किंवा `Service Control` असे पान शोधावे. त्यावर वेब, टेलनेट, एसएसएच अशा सेवांची यादी आणि त्यापुढे `LAN` व `WAN` असे दोन रकाने असतात. `WAN` च्या रकान्यातील खुणा काढायच्या. `LAN` च्या रकान्याला हात लावायचा नाही. वेबची `LAN` मधली खूण गेली, तर घरातूनही ॲडमिन पेज उघडणार नाही आणि डबा रीसेट करण्याची वेळ येईल.

बदल केल्यावर `Save` किंवा `Apply` दाबावे. काही राउटर नव्याने सुरू झाल्यावरच बदल अमलात आणतात, म्हणून एकदा रीस्टार्ट करणे चांगले.

आता खरी खात्री

रीस्टार्टनंतर बहुतेक घरगुती जोडण्यांचा सार्वजनिक पत्ता बदलू शकतो. जुन्याच पत्त्यावर चाचणी घेतली आणि पेज उघडले नाही, तर समाधान खोटे ठरते. म्हणून `WAN IP` पुन्हा पाहावा. केंद्राचा नवा पत्ता `203.0.113.72` झाला असे धरू. फोनच्या डेटावरून `http://203.0.113.72:8080` उघडले, तर आता काही काळ वाट पाहायला लावून ब्राउझर ‘साइटपर्यंत पोहोचता येत नाही’ असे सांगतो. हाच अपेक्षित निकाल आहे. जोडणी नाकारल्याचा संदेश लगेच आला, तरी चालते.

पण सेवा दुसऱ्या पोर्टवरही असू शकते आणि ब्राउझर प्रत्येक पोर्ट उघडू देत नाही. यासाठी विंडोज लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडावा. फोन मोबाइल डेटावरच हवा. मग पॉवरशेलमध्ये एकेक पोर्ट विचारावा:

```
Test-NetConnection 203.0.113.72 -Port 8080
```

उत्तरातील `TcpTestSucceeded` ही ओळ पाहावी. `False` म्हणजे त्या पोर्टवर बाहेरून जोडणी झाली नाही. `True` म्हणजे तिथे कोणीतरी उत्तर देत आहे. त्याच उत्तरात `PingSucceeded` पुढे `True` दिसले, तर घाबरायचे कारण नाही. राउटर हाकेला ओ देतो, एवढाच त्याचा अर्थ. ॲडमिन पेजशी त्याचा संबंध नाही.

तपासायचे पोर्ट थोडेच आहेत. वेब पेजसाठी `80`, `443`, `8080` आणि `8443`, एसएसएचसाठी `22` आणि टेलनेटसाठी `23`. तंत्रज्ञाने वेगळाच पोर्ट दिला असेल, तर तो सेटिंगच्या पानावर दिसतो. त्याचीही भर घालावी. सगळीकडे `False` येऊ लागले, तर एक उलटी चाचणी करावी. एखाद्या माहितीच्या वेबसाइटचे नाव टाकून पोर्ट `443` विचारावा. तिथे `True` आले, म्हणजे लॅपटॉपची जोडणी ठीक आहे आणि आधीचे `False` खरे आहेत.

ही चाचणी फक्त स्वतःच्या पत्त्यावर करावी. दुसऱ्याच्या यंत्रात परवानगीशिवाय शिरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. एखादा आकडा चुकला, तर पत्ता भलत्याचाच असू शकतो.

आयपीव्ही६ची दुसरी वाट

सीजीनॅट आहे म्हणून निर्धास्त झालेल्यांनी हा भाग सोडू नये. अनेक फायबर जोडण्यांवर जुन्या पद्धतीच्या पत्त्यासोबत आयपीव्ही६ पत्ताही मिळतो, आणि तो कुणाशी वाटून घेतलेला नसतो. म्हणजे जुन्या वाटेवर कंपनीची भिंत असली, तरी नव्या वाटेवर राउटरची स्वतःची फायरवॉल हीच एकमेव भिंत असते.

राउटरच्या `Status` पानावर `IPv6` चा पत्ता दिसत असेल, तर मोबाइल डेटावरून तोही उघडून पाहावा. पत्ता चौकोनी कंसात टाकायचा असतो:

```
http://[2001:db8:12:34::1]/
```

चाचणी घेणाऱ्या सिमवर आयपीव्ही६ नसेल, तर पेज उघडणार नाही आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही. म्हणून आधी त्याच मोबाइल डेटावर स्वतःचा आयपी शोधून, विसर्गचिन्हासारख्या ठिपक्यांनी जोडलेला लांब पत्ता दिसतो का ते पाहावे. लॉगिन पेज उघडलेच, तर राउटरमधील `IPv6 Firewall` चालू करून चाचणी पुन्हा घ्यावी.

बंद केले, तरी `7547` उघडा का?

काही घरांत सर्व सेटिंग बंद असूनही पोर्ट `7547` वर `True` येते. हे ॲडमिन पेज नव्हे. कंपनी आपल्या हजारो डब्यांची सेटिंग एकाच जागेवरून बदलते, त्यासाठीची ही वेगळी सोय आहे. तिला टीआर-०६९ म्हणतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी विस्कळीत झाली, तेव्हा हल्ला याच पोर्टवरून सुरू होता.

ही सोय ग्राहकाने परस्पर बंद केली, तर काही कंपन्यांची जोडणी किंवा फोनसेवा अडू शकते. अनेक डब्यांत ग्राहकाला ते पानच दिसत नाही. अशा वेळी ऑपरेटरला नेमके सांगावे की `7547` हा पोर्ट सर्वांना उत्तर देतो आहे, तो फक्त कंपनीच्या सर्व्हरपुरता मर्यादित करावा. ‘नेट हॅक झाले आहे’ अशा तक्रारीपेक्षा पोर्टचा आकडा आणि चाचणीचा स्क्रीनशॉट दिला, तर तंत्रज्ञाला कुठे पाहायचे ते लगेच कळते.

दार बरेच दिवस उघडे होते, तर?

उदाहरणातील केंद्रात रिमोट मॅनेजमेंट महिनोन्‌महिने चालू होते. तिथे ते बंद करणे पुरेसे नाही. आत कोणी येऊन गेले का, हे पाहावे लागते. डीएनएसच्या रकान्यात अनोळखी आकडे आहेत का? `Port Forwarding` किंवा `Virtual Server` मध्ये कुणी न केलेली नोंद आहे का? वापरकर्त्यांच्या यादीत जास्तीचे नाव आहे का? डीएनएसचे आकडे कोणाचे आहेत, हे ऑपरेटरला विचारून घेता येते.

यातले काही सापडले, तर राउटर फॅक्टरी रीसेट करून नवे फर्मवेअर टाकणे हा सरळ मार्ग आहे. पण फायबरच्या डब्याचे मागचे बटण दाबण्याआधी थांबावे. त्यात ऑपरेटरने टाकलेले पीपीपीओई युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा आकडा असतो. ते पुसले गेले, तर तंत्रज्ञ येईपर्यंत इंटरनेट बंद राहते. ही माहिती आधी ऑपरेटरकडून लिहून घ्यावी. रीसेटनंतर प्रथम ॲडमिनचा पासवर्ड बदलावा, रिमोट मॅनेजमेंट बंद आहे हे पाहावे आणि मगच फायबर जोडावी. कारण रीसेट झालेला डबा जुन्या ‘admin’ पासवर्डवर परतलेला असतो.

राहिला तंत्रज्ञाचा प्रश्न. रिमोट मॅनेजमेंट बंद केले, तर त्याने तुमसरहून मदत कशी करायची? केंद्रचालकाने गरजेपुरती सुविधा चालू करावी आणि काम संपताच बंद करावी, हा एक उपाय. काही राउटरमध्ये ठरावीक आयपी पत्त्यालाच परवानगी देण्याचा रकाना असतो. ऑपरेटरच्या कार्यालयाचा पत्ता कायम असेल, तर तोच तिथे टाकता येतो. दोन्ही प्रकारांत तंत्रज्ञाचे काम झाले की फोनचे वायफाय बंद करून पत्ता आणि पोर्ट पुन्हा एकदा टाकून पाहावा. रीसेट, फर्मवेअर अपडेट किंवा डबा बदलल्यानंतरही तेच करावे, कारण या तिन्ही वेळी आधीची सेटिंग तशीच राहिली असेल असे धरता येत नाही.